कडीमागून कडी: टेबलावरून घसरणाऱ्या साखळीचं गणित

हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी साधी लोखंडी साखळी घ्या. कुत्र्याची साखळीही चालेल, फक्त टोकाचा आकडा आणि पट्टा काढून टाकायचा. सगळ्या कड्या एकसारख्या हव्यात, एवढी एकच अट. मीटरभर तुकडा सनमायकाच्या टेबलावर कडेशी काटकोन करून सरळ पसरा आणि एक टोक बोटाने हळूहळू कडेबाहेर सारत न्या. पाच कड्या बाहेर आल्या, दहा आल्या, पंधरा आल्या, तरी साखळी मुकाट पडून राहते. मग एका कडीपाशी ती हलते. पहिले दोन-चार सेंटिमीटर इतक्या सावकाश जाते की मनात आलं तर बोटाने थांबवता येईल. त्यानंतर मात्र हात पुढे करेपर्यंत सर्रकन आवाज होतो आणि सगळी साखळी फरशीवर ढीग होऊन पडलेली असते.

गळ्यातली साखळी आरशापुढच्या फळीवरून घसरते किंवा घडी मोडलेली ओढणी पलंगावरून खाली जाते, तेव्हाही असंच होतं. सुरुवात आळसावलेली आणि शेवट झपाट्याचा. वरून पडणाऱ्या दगडाचा वेगही वाढत जातो, पण तो ठरलेल्या दराने वाढतो. दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर प्रति सेकंद एवढी भर पडते. वेगवाढीच्या या दराला त्वरण म्हणतात, आणि दगडाच्या बाबतीत ते पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तेवढंच राहतं. साखळीचा वेग वाढतोच, शिवाय वेग वाढण्याचा दरही वाढत जातो. हा दर कशाने ठरतो आणि कुठवर वाढतो, ते कड्या मोजत पाहू.

ओढणारे किती, ओढले जाणारे किती

समजा साखळीत शंभर कड्या आहेत आणि प्रत्येक कडी एक सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे साखळी बरोबर एक मीटर. तूर्त टेबल अगदी गुळगुळीत आहे, घर्षण नाही, असं धरून चालू. दहा कड्या कडेबाहेर लटकत आहेत आणि नव्वद टेबलावर आहेत.

टेबलावरच्या नव्वद कड्यांचं वजन टेबलाने तोलून धरलेलं आहे. त्या खाली दाबतात, टेबल त्यांना तेवढंच वर ढकलतं, हिशोब मिटला. साखळीला पुढे नेणारं बल येतं ते फक्त लटकणाऱ्या दहा कड्यांच्या वजनातून. पण हलवायच्या मात्र सगळ्या शंभर कड्या आहेत, कारण त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. खालची कडी एक सेंटिमीटर उतरली की टेबलावरची शेवटची कडीही एक सेंटिमीटर सरकते. म्हणजे दहा जणी ओढतात आणि शंभर जणी, त्या दहा धरून, ओढल्या जातात. त्यामुळे त्वरण मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या एक दशांश, म्हणजे ०.९८ एवढंच मिळतं.

वीस कड्या बाहेर आल्या की ओढणाऱ्या वीस होतात, ओढायच्या शंभरच राहतात. त्वरण १.९६. पन्नास बाहेर आल्या की ४.९, नव्वद आल्या की ८.८२. शेवटची कडी कड ओलांडते तेव्हा पूर्ण ९.८, म्हणजे साखळी आता साधी पडणारी वस्तू झाली. सूत्रात मांडायचं तर लटकणारी लांबी x, पूर्ण लांबी L आणि गुरुत्व त्वरण g धरून:

a = g × x / L

साखळी लोखंडाची की पितळेची, जाड की बारीक, हे या सूत्रात कुठेही येत नाही. जाड साखळीच्या लटकत्या कड्या जास्त जोराने ओढतात, पण टेबलावरच्या कड्याही तितक्याच पटीने जड असतात. उरतो तो फक्त वाटा: एकूण लांबीपैकी किती भाग लटकतो आहे.

हाच प्रश्न वेगळ्या साहित्याने मांडला तर फरक लख्ख दिसतो. अकरावीच्या पुस्तकातलं नेहमीचं चित्र आठवा. टेबलावर एक ठोकळा, त्याला बांधलेली दोरी कडेच्या कप्पीवरून खाली गेलेली आणि दोरीच्या टोकाला दुसरा ठोकळा. लटकणारा ठोकळा एकूण वस्तुमानाच्या एक दशांश असेल तर तिथेही त्वरण ०.९८ येतं, पण ते तेवढंच राहतं. ओढणारा ठोकळा वाटेत जड होत नाही. साखळीत मात्र प्रत्येक कडी कड ओलांडताच पक्ष बदलते. आतापर्यंत ती नुसतं ओझं होती, आता ती ओढणाऱ्यांत सामील होते.

९० सेंटिमीटर अंतर काटायला ठोकळ्यांच्या जोडीला सुमारे १.३६ सेकंद लागतात आणि शेवटी त्यांचा वेग सेकंदाला १.३३ मीटर असतो. दहा कड्या लटकवून सोडलेली साखळी तेवढंच अंतर ०.९६ सेकंदात काटते आणि तिचा शेवटचा वेग सेकंदाला ३.११ मीटर भरतो. सुरुवातीचं त्वरण दोघांचं अगदी सारखं होतं.

दुप्पट, पुन्हा दुप्पट

आता तीच साखळी घड्याळ लावून पाहू. दहाच्या वीस कड्या व्हायला ०.४२ सेकंद लागतात. विसाच्या चाळीस व्हायला ०.२४ सेकंद. चाळिसाच्या ऐंशी व्हायला ०.२३ सेकंदांहून किंचित कमी. पहिल्या दुपटीला वेळ जास्त लागतो, कारण साखळी स्थिर होती आणि आधी वेग घ्यायचा होता. पुढे दर ०.२२ सेकंदांच्या आसपास लटकती लांबी दुप्पट होत राहते. चक्रवाढ व्याजात जसं व्याज मुदलात मिळून स्वतः व्याज आणू लागतं, तशी इथे खाली उतरलेली लांबी पुढची लांबी उतरवू लागते. शेवटच्या वीस कड्या अवघ्या ०.०७ सेकंदात निघून जातात. डोळ्याला फक्त शेपूट दिसते ती यामुळे.

गणित येणाऱ्यांसाठी या वाढीचं नेमकं रूप असं आहे, सुरुवातीची लटकती लांबी x₀ धरून:

x = x₀ cosh(t√(g/L))

यातलं cosh हे फलन साखळीच्या इतिहासात आधीच येऊन गेलेलं आहे. दोन खिळ्यांवर टांगलेली साखळी मध्ये झोळ घेते, त्या झोळाचा आकार याच फलनाचा असतो. लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी तो १६९१ मध्ये शोधून काढला. टेबलावरून घसरणाऱ्या साखळीची लटकती लांबी वेळेसमोर आलेखावर काढली तर टांगलेल्या साखळीच्या झोळाचा उजवा अर्धा भाग कागदावर उमटतो. सुरुवातीला जवळजवळ आडवा आणि मग उभा चढत जाणारा.

सुरुवातीला दहाऐवजी एकच कडी लटकत सोडली तर? पूर्ण साखळी उतरायला १.६९ सेकंद लागतात. एका कडीचाही दहावा हिस्सा, म्हणजे एक मिलिमीटर लटकत सोडला तर २.४३ सेकंद. सुरुवातीची लांबी दहा पटींनी कमी केली की वेळात साधारण पाऊण सेकंदाची भर पडते, मग ती दहाची एक केलेली असो वा एकाची एक दशांश. आणि काहीच लटकत नसेल तर साखळी कधीच निघत नाही. गुळगुळीत टेबलावरही ती तशीच पडून राहील, कारण पहिली ओढ द्यायला कुणीच नाही.

शेवटच्या वेगाचा पडताळा साध्या विचाराने घेता येतो. संपूर्ण साखळी टेबलावर होती, आता ती मीटरभर उभी लटकते आहे. तिचा मध्यबिंदू अर्धा मीटर खाली आला. एखादा दगड अर्धा मीटर पडला तर त्याचा वेग सेकंदाला ३.१३ मीटर होतो. साखळीचा वेग ३.११ आला, कारण तिच्या दहा कड्या सुरुवातीलाच खाली होत्या, तेवढी उंची तिच्या वाट्याला आली नाही. सगळ्या कड्या सतत एकाच वेगाने चालत असल्यामुळे मध्ये कुठे ऊर्जा वाया गेलेली नाही.

खरं टेबल: घर्षणाचा हिशोब

सनमायकाच्या टेबलावर साखळी पंधरा कड्यांपर्यंत का हलली नाही, याचं उत्तर अर्थातच घर्षण. टेबलावरच्या कड्या आपल्या वजनाच्या काही अंशाएवढा विरोध करतात. या अंशाला घर्षण गुणांक म्हणतात. लटकत्या कड्यांचं वजन या विरोधाला पुरून उरलं की साखळी सुटते.

समजा पंचवीस कड्या बाहेर आल्यावर साखळी हलली. तेव्हा टेबलावर पंचाहत्तर होत्या. म्हणजे पंचाहत्तर कड्यांचं घर्षण पंचवीस कड्यांच्या वजनाएवढं आहे, आणि घर्षण गुणांक २५ भागिले ७५, म्हणजे एक तृतीयांश. यासाठी तराजू लागत नाही, घड्याळ लागत नाही, नुसत्या कड्या मोजून काम होतं. मोजताना एक-एक कडी सारायची आणि टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही. चार-पाच वेळा करून पाहावं, कारण कड्या दरवेळी थोड्या वेगळ्या बसतात आणि उत्तर दोन-तीन कड्यांनी इकडेतिकडे होतं.

इथून पुढे घर्षणाची गंमत सुरू होते. पंचवीस कड्यांपाशी ओढ आणि विरोध बरोबरीत आहेत, त्वरण शून्य. पन्नास कड्या लटकल्या की ओढ पन्नासाची आणि विरोध उरलेल्या पन्नासाच्या एक तृतीयांशाचा. फरक सुमारे तेहेतीस कड्यांच्या वजनाचा, म्हणून त्वरण ३.२७. पंचाहत्तर लटकल्या की ६.५३. शंभर लटकल्या की पूर्ण ९.८. गुळगुळीत टेबलावर शून्यापासून ९.८ पर्यंत जायला शंभर कड्यांची वाट होती, इथे तोच चढ पंचाहत्तर कड्यांतच चढायचा आहे. म्हणून त्वरणाची वाढ उलट जास्त तीव्र होते. कड ओलांडणारी प्रत्येक कडी आता दोन कामं करते. तिचा विरोध संपतो आणि तिची ओढ सुरू होते. खडबडीत टेबल साखळीला जास्त वेळ अडवून धरतं, पण एकदा सोडलं की तिच्या चालीला जास्त झपाट्याने चढ येतो.

प्रत्यक्षात सुटण्याचा क्षण याहूनही थोडा झटक्याचा असतो. स्थिर कडीला हलवायला जेवढं घर्षण मोडावं लागतं, त्याहून चालत्या कडीचं घर्षण सहसा कमी असतं. चालताना गुणांक एक तृतीयांशावरून पाव झाला असं धरलं, तर पंचविसाव्या कडीलाच त्वरण शून्याऐवजी एकदम ०.६ होतं. बोटाने सारताना साखळी हातातून निसटल्यासारखी वाटते ती याच उडीमुळे.

मोजणीत एक खोटही आहे, आणि ती पकडता येते. कडेपाशी साखळी काटकोनात वाकते आणि त्या धारेवर दाबून बसते. दोर खांबाभोवती पाव वेढा घेऊन जावा तसा हा प्रकार आहे, आणि पाव वेढ्यालाही चांगलीच पकड असते. सपाट भागाचा गुणांक पाव असेल तर साखळी विसाव्या कडीला सुटायला हवी, पण गोलसर कडेचाही गुणांक तेवढाच असेल तर ती सत्ताविसाव्या कडीच्या आसपास सुटते. आपण भागाकार करून गुणांक काढतो तेव्हा कडेचं हे घर्षण टेबलाच्या नावावर जमा होतं.

ताडून पाहायला त्याच सनमायकाची एक सुटी फळी घ्या. तिच्यावर साखळी ठेवून एक टोक उचलत जा. साखळी घसरते त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीखालचं आडवं अंतर म्हणजे गुणांक. तीन फूट आडव्या अंतरात एक फूट चढ असताना घसरली तर गुणांक एक तृतीयांश. फळीवर तो कमी आला आणि टेबलाच्या कडेवर जास्त, तर फरक कडेचा. कडेला गुळगुळीत पाइपचा अर्धा तुकडा चिकटवून त्यावरून साखळी सोडली तर हा फरक बराच कमी होतो.

साखळीच्या पोटातला ताण

आता पुन्हा गुळगुळीत टेबलाकडे येऊ, कारण पुढचा मुद्दा तिथे जास्त स्वच्छ दिसतो. कडेपाशी दोन कड्या एकमेकींना किती जोराने ओढत असतात?

सुरुवातीला लटकत्या कड्या थोड्या, म्हणून ताण कमी. शेवटी त्वरण मोठं असतं, पण मागे ओढायला कड्याच उरलेल्या नसतात, म्हणून तेव्हाही ताण कमी. मध्ये कुठेतरी तो सर्वांत जास्त असणार. मागे उरलेल्या कड्या गुणिले त्वरण असा हिशोब केला की तो बरोबर अर्ध्यावर सर्वांत जास्त येतो. पन्नास खाली, पन्नास वर. तेव्हा मागच्या पन्नास कड्या अर्ध्या g ने ओढल्या जात असतात, म्हणजे ताण पंचवीस कड्यांच्या वजनाएवढा, साखळीच्या एकूण वजनाच्या पाव. कमकुवत कडी तुटायचीच असेल तर ती कडेपाशी या सुमारास तुटण्याचा संभव सर्वांत जास्त. अर्ध्यानंतर ताण उतरू लागतो, आणि तिथेच आपलं सुबक सूत्र अडचणीत येतं.

कड सुटते तेव्हा

टेबलावरची साखळी आडवी धावते आहे. तिच्यात बाहेरच्या दिशेने जाणारा संवेग आहे, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आपल्या सूत्राप्रमाणे शेवटची कडी कड ओलांडते तेव्हा सगळी साखळी सरळ खाली चाललेली असते, आडवा संवेग शून्य. मग मध्ये जमा झालेला आडवा संवेग गेला कुठे? तो नाहीसा व्हायला कुणीतरी साखळीला आतल्या बाजूला, टेबलाकडे, ढकलायला हवं. गुळगुळीत टेबल आडवं बल लावतच नाही. कड साखळीला फक्त बाहेर ढकलू शकते. ती साखळीला धरून आत ओढू शकत नाही, कारण साखळी तिला चिकटलेली नाही.

प्रत्येक कडी कडेशी येताना आडवी धावत येते आणि तिला खाली वळायचं असतं. वळवण्यासाठी तिला मागे खेचावं लागतं, आणि ते खेचणं मागच्या कड्यांच्या ताणातून येतं. वेग कमी असेपर्यंत ताण भरपूर असतो आणि उरलेला जोर साखळीला कडेवर दाबून धरतो. पण वळवण्याची गरज वेगाच्या वर्गाने वाढत जाते, आणि ताण अर्ध्यानंतर घटू लागतो. दोन्ही बरोबर झाले की साखळीचा कडेवरचा दाब शून्य होतो. दहा कड्या लटकवून सोडलेल्या आपल्या साखळीत हा क्षण एक्कावन्नाव्या कडीला, सोडल्यापासून सुमारे पाऊण सेकंदाने येतो, तेव्हा तिचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर असतो. सुरुवातीला लटकती लांबी जितकी कमी, तितका हा क्षण बरोबर अर्ध्याच्या जवळ सरकतो.

त्यानंतर साखळी कडेला धरून काटकोनात वळत नाही. ती कडेपासून सुटून बाहेरच्या बाजूला कमान घेते आणि तिचं शेपूट टेबलापासून थोडं दूर जाऊन पडतं. अर्ध्याच्या पुढे त्वरण g × x / L प्रमाणे वाढतं हे विधान त्यामुळे उघड्या कडेच्या टेबलावर खरं राहत नाही. ते शेवटपर्यंत खरं ठरायला कडेच्या बाहेरच्या बाजूने साखळीला आत ढकलणारं काहीतरी हवं, जसं कडेशी बसवलेली वाकडी गुळगुळीत नळी. साखळी त्या नळीतून वळून खाली गेली की पुस्तकातला ३.११ चा वेग तिला खरोखर मिळतो. पुस्तकात ही नळी चित्रात दिसत नाही, पण गणितात ती गृहीत धरलेली असते.

घर्षण असलं तर सुटण्याचा क्षण लांबतो, कारण साखळीला वेग यायला उशीर होतो आणि टेबलाचं घर्षण मागच्या कड्यांना धरून ताण वाढवतं. घर्षण गुणांक एक तृतीयांश असताना तो सत्तराव्या कडीच्या आसपास येतो.

हे घरी पाहता येतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेण्याची सोय अनेकदा असते. मोबाइल टेबलाच्या बाजूला, कडेच्या पातळीवर टेकवा, मागे पांढरी भिंत असू द्या आणि साखळीला दर दहा सेंटिमीटरला नेलपॉलिशचा ठिपका लावा. चित्रं एक-एक करून पुढे सरकवत प्रत्येक ठिपका कड ओलांडतो ते चित्र मोजा. दोन ठिपक्यांमधली चित्रं आधी पुष्कळ, मग झपाट्याने कमी होत जातात. आणि शेवटच्या काही ठिपक्यांच्या वेळी कड आणि साखळी यांच्यामध्ये भिंतीचा पांढरा रंग दिसू लागतो. ती फट दिसली की सूत्राचं राज्य संपलं असं समजावं. त्यापुढची मोजमापं जुन्या आलेखावर बसवायचा प्रयत्न केला तर ती जुळणार नाहीत, आणि दोष मोजणीचा नसेल.

ढीग आणि सरळ रेघ

या प्रश्नाशी हमखास गल्लत होते ती त्याच्या जुळ्या भावाची. साखळी टेबलावर सरळ पसरण्याऐवजी कडेशी ढीग करून ठेवली आणि एक टोक सोडलं तर? ओढणाऱ्या कड्या त्याच, पण ओढायच्या कड्या आता शंभर नाहीत. ढिगातल्या कड्या आपापल्या पाळीची वाट पाहत स्थिर पडलेल्या आहेत. हलतात फक्त लटकणाऱ्या.

म्हणजे साखळी थेट ९.८ ने पडेल, असं पटकन वाटतं. पण ढिगातली प्रत्येक नवी कडी स्थिर असते आणि तिला एका झटक्यात खालच्यांच्या वेगाला आणावं लागतं. त्या झटक्यांत ओढीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. इंग्रज गणिती आर्थर केली यांनी हा प्रश्न १८५७ मध्ये सोडवला. त्यांच्या उत्तराप्रमाणे त्वरण वाढतही नाही आणि घटतही नाही, ते g चा एक तृतीयांश, म्हणजे ३.२७ राहतं, आणि पडण्यातून मिळालेल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा झटक्यांत जातो. खरी साखळी ढिगातून उचलली जाताना इतकी ऊर्जा खरोखर गमावते का, यावर भौतिकशास्त्रज्ञांनी नंतरही वाद घातले आहेत, कारण कडी कडीत कशी उलगडते यावर ते अवलंबून असतं. सरळ पसरलेल्या साखळीत हा वाद उद्भवत नाही. तिथे कुणालाच झटका बसत नाही, सगळ्या एकदम चालू लागतात.

बंदरात नांगर टाकणाऱ्या खलाशांना या जुळ्या भावाशी रोज गाठ घालावी लागते. जहाजाच्या पोटातल्या कोठीत नांगराची साखळी ढीग होऊनच पडलेली असते. ती शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटरचा. नांगर तळाला टेकेपर्यंत लटकणारी साखळी वाढत जाते आणि तिचं वजन नांगराच्या वजनात मिळत जातं. पाण्यात पोलादाचं वजन सुमारे आठव्या हिश्शाने घटतं, पण तेवढ्याने ओढ थांबत नाही. म्हणून उथळ पाण्यात साखळी मोकळी सोडली तरी चालते, खोल पाण्यात मात्र ती यंत्राच्या ताब्यात ठेवून उतरवतात आणि ब्रेक लवकर आवळतात. उशीर झाला तर ब्रेकचे पट्टे तापून घसरू लागतात, साखळी आणखी सुटते, ओढ आणखी वाढते, आणि आता तोच ब्रेक पुरत नाही.

टेबलावरच्या साखळीलाही बोट लावायचं तर ते विसाव्या कडीच्या आधी लावावं. गुळगुळीत टेबलावर दहा कड्यांपाशी तिला थोपवून धरायला दहा कड्यांच्या वजनाएवढा जोर पुरतो, आणि चाळिसाव्या कडीला चौपट लागतो, शिवाय तोवर आलेला वेगही मारावा लागतो. दहाव्या आणि चाळिसाव्या कडीच्या मध्ये फक्त दोन तृतीयांश सेकंदाचा अवधी असतो, आणि त्यातला बराचसा साखळी अजून हळूच चालली आहे असं पाहण्यात निघून जातो.